तीनशे सोळा पुंतो कुठे गेले?

फ्लॉरेन्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात गॅलिलिओची हस्तलिखिते जपून ठेवलेली आहेत. त्यांच्या ७२व्या खंडात गतीविषयीची सुटी टिपणे आहेत. त्यातल्या ११६व्या पानाच्या मागच्या बाजूला काही वक्ररेषा आणि काही आकडे आहेत. हे पान साधारण १६०८ सालचे असावे, म्हणजे गॅलिलिओ पादुआच्या विद्यापीठात शिकवत होता तेव्हाचे. विज्ञानाचा इतिहासकार स्टिलमन ड्रेक याने १९७३ साली ते प्रकाशात आणले आणि त्यावर काय लिहिले आहे याचा अर्थ लावला.

प्रयोग साधा होता. उतरत्या पट्टीवरून गोळा सोडायचा, पट्टीच्या तळाशी त्याची दिशा आडवी करायची आणि टेबलाच्या कडेवरून त्याला हवेत झेपावू द्यायचे. कडेपासून किती लांब तो जमिनीवर पडला, हे मोजायचे. मोजमापाचे एकक होते पुंतो, एका मिलिमीटरहून थोडेसे लहान. टेबलाची उंची ८२८ पुंतो, म्हणजे आपल्या लिहायच्या टेबलाएवढीच. गोळा कधी ३०० पुंतो उंचीवरून सोडला, कधी ६००, कधी ८००, कधी १०००. आणि एकदा बरोबर ८२८ उंचीवरून, म्हणजे टेबल जितके उंच तितक्याच उंचीवरून.

हा शेवटचा प्रयोग मोलाचा आहे, कारण त्याचे उत्तर कागद-पेन्सिलीशिवाय काढता येते. एखादी वस्तू ठरावीक उंचीवरून खाली आली आणि तेव्हा मिळालेल्या वेगाने तितकाच वेळ सरळ चालत राहिली, तर ती त्या उंचीच्या दुप्पट अंतर कापते. हा नियम खुद्द गॅलिलिओचाच. कारण सोपे आहे. पडताना वेग शून्यापासून एकसारखा वाढत गेला, तर सरासरी वेग शेवटच्या वेगाच्या निम्मा असतो. मग शेवटच्या पूर्ण वेगाने तेवढ्याच वेळात दुप्पट वाट कापली जाणार. उतार तिरका असला तरी तळाचा वेग फक्त उंचीवर ठरतो, हेही त्याला ठाऊक होते. तेव्हा ८२८ पुंतो उंचीवरून आलेला गोळा, ८२८ पुंतो उंच टेबलावरून जमिनीपर्यंत पडायला लागणाऱ्या वेळात, १६५६ पुंतो दूर जायला हवा.

पानावरचा मोजलेला आकडा आहे १३४०. म्हणजे ३१६ पुंतो कमी. टेबलाएवढ्या प्रयोगात ही जवळजवळ तीस सेंटिमीटरची तूट आहे. हात थरथरला किंवा हवेने अडवले म्हणून एवढी तूट पडत नाही. तिच्यामागचे कारण गोळ्याच्या चालीत आहे. तो पट्टीवरून घसरत आला नाही, तो घरंगळत आला.

दोन गती, एक बंधन

घरंगळणाऱ्या गोळ्याच्या दोन गती असतात. त्याचा मध्य, ज्याला पदार्थविज्ञानात वस्तुमान केंद्र म्हणतात, तो पुढे सरकतो. त्याचा वेग v मानू. शिवाय गोळा स्वतःच्या अक्षाभोवती फिरतो. त्या फिरण्याची गती, म्हणजे कोनीय वेग, ω ने दाखवतात. मुळात या दोन गतींचा एकमेकींशी काही संबंध नाही. चिखलात रुतलेल्या गाडीचे चाक गरागरा फिरते आणि गाडी जागची हलत नाही. तिथे ω भरपूर आणि v शून्य. करकचून ब्रेक दाबल्यावर चाक अडकते आणि गाडी तशीच फरफटत पुढे जाते. तिथे v भरपूर आणि ω शून्य.

या दोन टोकांच्या मधोमध एक खास स्थिती आहे. गोळा जेवढा फिरला, तेवढाच पुढे गेला; थोडाही कमी नाही, थोडाही जास्त नाही. गुंडाळलेली सतरंजी ढकलल्यावर ती जेवढी उलगडते तेवढीच पुढे जाते, तसे हे आहे. गोळ्याची त्रिज्या R असेल, तर एका पूर्ण फेरीत त्याने घेराएवढे, म्हणजे 2πR अंतर कापायला हवे. हेच वेगाच्या भाषेत मांडले की एक छोटेसे समीकरण मिळते: v = ωR.

या समीकरणाचा अर्थ गोळा जिथे जमिनीला टेकतो त्या बिंदूपाशी जाऊन पाहिला, की नीट उमगतो. संपूर्ण गोळा v वेगाने पुढे चाललेला असतो, म्हणून तळाच्या बिंदूलाही पुढे जाणारा v वेग असतो. पण गोळ्याच्या फिरण्यामुळे तोच बिंदू ωR वेगाने मागेही जात असतो. हे दोन्ही वेग सारखे झाले की त्यांची बेरीज शून्य होते. म्हणजे घरंगळणाऱ्या गोळ्याचा जमिनीला टेकलेला बिंदू त्या क्षणी अगदी स्थिर असतो. उलट सर्वांत वरच्या बिंदूला दोन्ही वेग एकाच दिशेचे मिळतात, म्हणून तो केंद्राच्या दुप्पट वेगाने धावतो. धावत्या सायकलीच्या फोटोत चाकाच्या खालच्या तारा स्पष्ट आणि वरच्या पुसट दिसतात, त्याचे कारण हेच.

v = ωR हा गुरुत्वाकर्षणासारखा सर्वत्र लागू पडणारा निसर्गनियम नाही. हे बंधन आहे, आणि ते घर्षणामुळे पाळले जाते. उतारावर गोळा सोडताच गुरुत्वाकर्षण त्याच्या केंद्राला खाली ओढते, पण गोळ्याला फिरवायचे काम ते करत नाही. घर्षण नसते तर गोळा न फिरता सरळ घसरत गेला असता. प्रत्यक्षात तळाचा बिंदू घसरू पाहतो, तेव्हा घर्षण त्याला चढाच्या दिशेने धरून ठेवते. त्या एकाच जोराने दोन गोष्टी घडतात. केंद्राची खाली जाण्याची घाई कमी होते आणि गोळ्याला फिरकी मिळते. दोन्हींचा मेळ बसेल इतकाच हा जोर असतो, त्याहून जास्त नाही आणि कमीही नाही. शिवाय टेकलेला बिंदू स्थिर असल्यामुळे तिथे काही घासले जात नाही. म्हणून हे घर्षण गोळ्याची ऊर्जा खात नाही, ती फक्त दोन खात्यांत वाटून देते.

सातातले दोन वाटे

ही वाटणी किती? उंचीवरून खाली येताना गोळ्याला ठरावीक ऊर्जा मिळते. तिचा एक भाग पुढे जाण्यात आणि दुसरा फिरण्यात जातो. बंधन नसते तर या भागांचे प्रमाण काहीही असू शकले असते. v = ωR या बंधनाने मात्र ते पक्के ठरते, कारण एक वेग कळला की दुसरा आपोआप ठरतो.

आधी एखादे कडे घ्या, ज्याचे सगळे वजन कडेला आहे. ते घरंगळत असेल तर केंद्राच्या दृष्टीने कडेचा प्रत्येक कण v वेगानेच फिरतो. म्हणून फिरण्याची ऊर्जा पुढे जाण्याच्या ऊर्जेइतकीच असते, निम्मी-निम्मी वाटणी. भरीव गोळ्यात बहुतेक वस्तुमान अक्षाच्या जवळ असते आणि तिथले कण सावकाश फिरतात. सगळ्या कणांचा हिशेब केला की फिरण्याची ऊर्जा पुढे जाण्याच्या ऊर्जेच्या दोन-पंचमांश भरते. म्हणजे एकूण ऊर्जेचे सात वाटे केले, तर पाच पुढे जाण्याचे आणि दोन फिरकीचे. वजन अक्षापासून कसे पसरले आहे यावर फिरण्याचा हिशेब मांडणारी राशी, म्हणजे जडत्व आघूर्ण, हिला ऑयलरने १७६५ साली आपल्या घन पदार्थांच्या गतीवरील ग्रंथात नीट रूप दिले. गॅलिलिओच्या पानानंतर दीडशे वर्षांनी.

या वाटणीत गोळ्याचे वजन कुठेच येत नाही आणि त्रिज्याही येत नाही. लहान गोळा जास्त फेऱ्या मारतो, मोठा कमी, पण दोघांचेही दोन वाटे फिरकीत जातात. सपाट पट्टीवर गोटी असो की तोफेचा गोळा, भरीव आणि एकसंध असला की हिशेब तोच.

आता ३१६ पुंतोंकडे परत जाऊ. गोळ्याला पुढे जायला सातातले पाचच वाटे मिळाले. ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून असते, म्हणून वेग पाच-सप्तमांशाच्या वर्गमुळाइतका, म्हणजे ०.८४५ पट राहतो. १६५६ ला ०.८४५ ने गुणले की येतात १४००. एका फटक्यात तूट २५६ पुंतोंनी भरून निघाली. टेबलाची कड सुटल्यावरही गोळा हवेत फिरतच राहिला आणि ती फिरकीची ऊर्जा त्याला पुढे नेण्याच्या कामी आली नाही. उरले ६० पुंतो.

खोबणीची त्रिज्या

हे उरलेले साठ समजून घ्यायला पट्टी कशी असेल, याचा विचार करावा लागतो. पानावर गोळ्याच्या उडीच्या वक्ररेषा आहेत, पण उतरती पट्टी काढलेली नाही. मात्र १६३८ साली लायडनला छापल्या गेलेल्या आपल्या ग्रंथात गॅलिलिओने उताराच्या दुसऱ्या एका प्रयोगाचे साहित्य बारकाईने सांगितले आहे. सुमारे सात मीटर लांबीची लाकडी तुळई, तिच्यावर बोटभराहून थोडी रुंद खोबण, खोबणीत चिकटवलेले गुळगुळीत चर्मपत्र आणि त्यावरून सोडलेला काशाचा कठीण, घोटीव गोळा. गोळा वाकडातिकडा जाऊ नये म्हणून खोबण हवीच. पण खोबणीमुळे बंधनाचे समीकरण बदलते.

खोबणीपेक्षा गोळा मोठा असेल तर तो तळाला टेकत नाही. तो खोबणीच्या दोन कडांवर टेकून चालतो. त्याचा खालचा फुगीर भाग दोन कडांच्या मध्ये लोंबत असतो. आता स्थिर असतात ते कडांवर टेकलेले दोन बिंदू आणि अक्षापासून त्यांचे उभे अंतर R पेक्षा कमी असते. या अंतराला r म्हणू. समीकरण होते v = ωr. त्रिज्या आहे तीच, पण चालायची त्रिज्या लहान झाली. तितकाच पुढचा वेग गाठायला गोळ्याला आता अधिक जोरात फिरावे लागते, म्हणून ऊर्जेतला फिरकीचा वाटाही वाढतो.

समजा खोबणीची रुंदी गोळ्याच्या व्यासाच्या निम्मी आहे. भूमितीने चालायची त्रिज्या मूळ त्रिज्येच्या ०.८७ पट येते. पुढे जाण्याचा वाटा सातातल्या पाचावरून, म्हणजे ७१ टक्क्यांवरून, ६५ टक्क्यांवर उतरतो आणि वेग ०.८०८ पट होतो. १६५६ गुणिले ०.८०८ म्हणजे सुमारे १३३८. गॅलिलिओचा आकडा १३४०.

हा मेळ पाहून हुरळून मात्र जाऊ नये. खोबण निम्म्या व्यासाचीच होती असे पानावर कुठे लिहिलेले नाही, ती आपण धरलेली आहे. पट्टीच्या तळाशी गोळा आडवा वळताना थोडा वेग हरवला असेल, तर त्यानेही काही पुंतो कमी झाले असतील. ड्रेकच्या वाचनावर इतर इतिहासकारांनी याच मुद्द्यांवरून वाद घातले आहेत. खात्रीने म्हणता येते ते एवढेच की तुटीचा मोठा भाग घरंगळण्याचा आहे आणि उरलेला भाग खोबण व वळण यांनी सहज भरून निघतो.

प्रमाणांनी वाचवलेला नियम

मग साहजिकच प्रश्न येतो. ऊर्जेचा एवढा वाटा बाजूला जात असताना गॅलिलिओचा पडण्याचा नियम बरोबर कसा ठरला? अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे त्याने घरंगळणाऱ्या गोळ्यांवरच तपासले होते, आणि फिरकीचा वेगळा हिशेब कुठेही मांडला नव्हता.

उत्तर बंधनाच्या स्वभावात आहे. v = ωr हे समीकरण उताराच्या पहिल्या इंचाला जसे लागू, तसेच शेवटच्या इंचाला. वेग वाढला तर फिरकी त्याच प्रमाणात वाढते आणि ऊर्जेची वाटणी तशीच राहते. म्हणून त्वरण एका ठरावीक गुणकाने कमी होते, पण संपूर्ण वाटेवर एकसारखेच राहते. एकसारख्या त्वरणात अंतर वेळेच्या वर्गाने वाढणारच, मग त्वरण कितीही असो. सात मीटरच्या तुळईचे एक टोक तिच्या लांबीच्या बाराव्या भागाइतके उचलले, तर सपाट पट्टीवर घरंगळणाऱ्या गोळ्याला खाली यायला सुमारे ४.९ सेकंद लागतील आणि घर्षणाशिवाय घसरणाऱ्याला ४.१. पाऊण सेकंदाचा हा फरक गॅलिलिओच्या पाणघड्याळाला जाणवण्याजोगा होता. पण त्याच्याजवळ न फिरता घसरणारा दुसरा गोळा नव्हता. पाव वाटेला निम्मा वेळ लागतो की नाही, एवढेच तो पाहत होता, आणि ते प्रमाण दोन्ही गोळ्यांना सारखेच.

११६व्या पानावरही तीच रीत दिसते. ३०० पुंतोंवरून सोडलेला गोळा ८०० पुंतो दूर पडला, ही पहिली ओळ त्याने पाया धरली आणि बाकीची अंतरे तिच्याशी प्रमाण लावून काढली. ६०० साठी ११३१ यायला हवेत, आले ११७२. ८०० साठी १३०६ हवेत, आले १३२८. ८२८ साठी १३३० हवेत, आले १३४०. १००० साठी १४६० हवेत, आले १५००. फरक ४१, २२, १० आणि ४० पुंतो. पायाच्या ओळीतच फिरकीची वजावट झालेली होती. म्हणून पुढच्या प्रत्येक अपेक्षेत ती आपोआप सामावली गेली आणि तूट नजरेआड राहिली. मुक्तपणे पडणाऱ्या वस्तूचे त्वरण किती, हा आकडा मात्र या रीतीने कधीच हाती आला नसता.

बंधन कधी तुटते

घर्षण या बंधनाचा रखवालदार आहे, आणि त्याच्या ताकदीला मर्यादा आहे. सपाट उतारावर भरीव गोळा घरंगळत ठेवायला लागणारे घर्षण गोळ्याला उताराने खाली ओढणाऱ्या जोराच्या दोन-सप्तमांश असते. उतार जितका उभा, तितके ते जास्त लागते. आणि पृष्ठभागावरचा दाब मात्र तितकाच कमी होत जातो. हिशेब असा निघतो की उताराची चढण (आडव्या अंतराच्या प्रमाणात) घर्षण गुणांकाच्या साडेतीन पटीपेक्षा जास्त झाली की गोळा घसरू लागतो. गुणांक ०.२ असेल तर ही मर्यादा ३५ अंशांच्या आसपास येते. गॅलिलिओच्या तुळईचा उतार इतका मंद होता की ०.०२४ एवढा गुणांकही पुरला असता. काशाला आणि चर्मपत्राला तो गाठणे अवघड नव्हते.

मर्यादा ओलांडल्यावर काय होते? तोच ०.२ गुणांकाचा उतार ६० अंशांचा करा. आता केंद्राची घाई इतकी वाढते की फिरकी मागे पडते. केंद्र तीन मीटर पुढे जाते, तोवर गोळ्याचा पृष्ठभाग जेमतेम एक मीटर फिरलेला असतो. v आणि ωR यांचे नाते सुटते, टेकलेला बिंदू खराखुरा घासला जातो आणि थोडी ऊर्जा उष्णतेत जाते. तरीही गोळा तळाशी घरंगळणाऱ्यापेक्षा जास्त वेगाने पोहोचतो, कारण फिरकीने आपला वाटा पुरता घेतलेलाच नसतो.

हे सारे घरी पडताळता येते. साडेसात-आठ दशकांपूर्वीच्या नव्हे, तर आजच्याच कोणत्याही ७५ सेंटिमीटर उंच टेबलावर २० सेंटिमीटर उंचीचा उतार करा आणि तळाचा भाग हळूहळू आडवा करा. वळण एकदम तोडल्यासारखे असेल तर गोळा तिथे आपटून उडतो आणि सगळी मोजणी फुकट जाते. जमिनीवर पांढरा कागद आणि त्यावर कार्बन पेपर ठेवला की गोळ्याच्या पडण्याची खूण नेमकी उमटते. २५ मिलिमीटर व्यासाचा पोलादी गोळा न फिरता आला असता तर ७७ सेंटिमीटरवर पडला असता. सपाट पट्टीवरून घरंगळत आला तर तो ६५ च्या आसपास पडेल. आणि २० मिलिमीटर रुंद खोबणीच्या कडांवर टेकून आला तर ५३ च्या आसपास, कारण तिथे चालायची त्रिज्या साडेबाराऐवजी साडेसात मिलिमीटरच उरते. गोळ्यावर शाईचा ठिपका लावून मोबाइलने संथ गतीचे चित्रण केले, तर ठिपक्याच्या एका फेरीत गोळा सपाट पट्टीवर ७.९ सेंटिमीटर आणि खोबणीत ४.७ सेंटिमीटर सरकताना दिसेल.

सपाट पट्टीच्या प्रयोगात कार्बनची खूण ६५ आणि ७७ च्या मध्ये उमटली, तर गोळा वाटेत कुठेतरी घसरला असे समजावे. ठिपक्याच्या फेऱ्या मोजल्या की तेही पक्के होते, कारण तेव्हा एका फेरीत तो ७.९ पेक्षा जास्त सरकलेला असतो. खूण ६५ च्या अलीकडे आली आणि फेरी मात्र ७.९ चीच भरली, तर बंधन शाबूत आहे आणि दोष वळणाचा आहे. फेरीही ७.९ पेक्षा कमी भरली, तर गोळा तळाला न टेकता कुठल्यातरी कडांवर चालला आहे. अंतर आणि फेऱ्या, एवढी दोनच मापे एकमेकांशेजारी ठेवली की गोळा कसा आला ते कळते. ११६व्या पानावर यांपैकी पहिले माप आहे, दुसरे नाही. आणि ते साठ पुंतो नेमके कशात गेले हा वाद म्हणूनच अजून मिटवता येत नाही.